डिजिटलच्या प्रॅक्टिकलआधी: जेकेचा डी आणि जेकेचा एसआर

इंदूरच्या आपल्या ज्युनिअर मंडळींसाठी लिहितोय, ज्यांचं डिजिटलचं प्रॅक्टिकल तोंडावर आलंय आणि चिठ्ठीत फ्लिप-फ्लॉप कन्व्हर्जनच निघेल अशी धास्ती आहे. प्रयोग तसा छोटासाच आहे, जेकेचा डी करायला एक इन्व्हर्टर लागतो आणि एसआर करायला तर फक्त दोन वायरी, पण उत्तर एवढं छोटं असल्यामुळेच एक्स्टर्नल सर "हे आलं कुठून" तेवढंच विचारत बसतात, आणि तिथे पाठांतर चालत नाही. तेव्हा हे सगळं आदल्या दिवशी एकदा कागदावर करून बघा, वाचून सोडू नका.

सगळ्यात आधी दिशा पक्की करा. हातात आहे जेके, बनवायचाय डी. जो बनवायचाय त्याची ट्रुथ टेबल घ्यायची, म्हणजे कुठल्या इनपुटला पुढचा Q काय यायला पाहिजे ते कळतं, आणि जो हातात आहे त्याची एक्सायटेशन टेबल घ्यायची, म्हणजे तो पुढचा Q आणायला J आणि K ला काय द्यावं लागेल ते कळतं. हे दोन उलटसुलट झाले की सगळी पानं भरतात आणि उत्तर भलत्याच प्रयोगाचं येतं. उलटं झालंय की नाही ते ओळखायची खूण सोपी आहे: जेकेवरून डी किंवा एसआर करताना शेवटच्या इक्वेशनमध्ये Q कुठेच येत नाही. तुमच्याकडे D = JQ' + K'Q असलं काही आलं तर तुम्ही डीवरून जेके केलाय, आणि S = JQ', R = KQ आलं तर एसआरवरून जेके. इक्वेशन बरोबर आहेत, प्रश्न दुसरा आहे!

आता जेकेची एक्सायटेशन टेबल. ही चारच ओळींची आहे आणि पाठ करण्यापेक्षा दर वेळी दोन मिनिटांत काढता आली पाहिजे.

```
Q   पुढचा Q   J   K
0      0      0   X
0      1      1   X
1      0      X   1
1      1      X   0
```

X कुठून आले ते स्वतःच्या शब्दांत सांगता येतंय का बघा. Q आत्ता 0 आहे आणि 1 करायचाय, तर J=1, K=0 देऊन सेट करता येतो किंवा J=1, K=1 देऊन टॉगल करता येतो, दोन्हीत J एकच राहिला आणि K काहीही चाललं, म्हणून K खाली X. चारही ओळी अशाच निघतात. Q शून्य असताना K ला कुणी विचारत नाही आणि Q एक असताना J ला, एवढं लक्षात ठेवलं तरी टेबल हातात आली.

डीचं काम लगेच होतं. डीच्या ट्रुथ टेबलमध्ये पुढचा Q म्हणजे D च, मग D आणि Q च्या चार जोड्या लिहा आणि प्रत्येकीसमोर वरच्या टेबलमधून J, K उचला: D=0, Q=0 ला J=0 K=X, D=0, Q=1 ला J=X K=1, D=1, Q=0 ला J=1 K=X, D=1, Q=1 ला J=X K=0. के-मॅप काढला की J च्या मॅपमध्ये D=1 ची ओळ 1 आणि X ची भरते म्हणून J = D, आणि K च्या मॅपमध्ये D=0 ची ओळ X आणि 1 ची भरते म्हणून K = D'. संपलं, D सरळ J ला आणि इन्व्हर्टरमधून K ला.

एसआरला जरा वेळ द्या कारण वायव्हा इथेच रंगतो. इथे S, R आणि Q मिळून आठ ओळी होतात. S=0, R=0 ला Q आहे तसाच राहतो, S=0, R=1 ला 0 होतो, S=1, R=0 ला 1 होतो, या झाल्या सहा ओळी, आणि S=R=1 च्या दोन ओळींत पुढचा Q काय यावा हे एसआर सांगतच नाही, ती जोडी द्यायचीच नाही असं ठरलेलं आहे, म्हणून तिथे J आणि K दोन्हींखाली X. मॅप असे दिसतात, वरचा J चा आणि खालचा K चा (कॉलमचा क्रम 00, 01, 11, 10 हाच ठेवा, घाईत हटकून 10 आधी लिहिलं जातं):

```
RQ:   00  01  11  10
S=0    0   X   X   0
S=1    1   X   X   X

RQ:   00  01  11  10
S=0    X   0   1   X
S=1    X   0   X   X
```

वरच्या मॅपमध्ये S=1 ची अख्खी ओळ एका लूपमध्ये येते, J = S. खालच्यात R=1 चे दोन कॉलम मिळून चौकोन होतो, K = R. गेट एकही नाही.

आणि इथेच सर शांतपणे विचारणार, "अच्छा, अब एस और आर दोनों एक कर दो, क्या होगा?" निम्मी मुलं "इनव्हॅलिड" म्हणून गप्प बसतात, पण समोर सर्किट लावलेलं आहे, ते काहीतरी करणारच ना, ते इनव्हॅलिड दाखवत नाही. उत्तर मॅपमध्येच आहे. लूप काढताना S=R=1 ची दोन्ही घरं आपण J च्या लूपमध्येही घेतली आणि K च्या लूपमध्येही, म्हणजे त्या घरांतल्या X ची किंमत आपणच 1 ठरवून टाकली, मग J=1, K=1 झालं आणि सर्किट टॉगल होणार, दर क्लॉकला Q उलटा. डोन्ट केअर म्हणजे मॅप काढेपर्यंतच डोन्ट केअर, लूप काढला की त्याची किंमत ठरली. नॅंड गेटच्या एसआर लॅचमध्ये दोन्ही आउटपुट एकदम 1 होतात तसलं इथे काही होत नाही, Q आणि Q' कायम उलटेच राहतात, हेही त्याच दमात सांगून टाका.

वेळ असेल तर याच्या पुढची पायरीही करून ठेवा, फार लागत नाही. समजा सर म्हणाले की दोन्ही 1 आले तर सेट जिंकला पाहिजे. मग त्या दोन ओळींत पुढचा Q=1 लिहायचा, म्हणजे Q=0 च्या ओळीला J=1 K=X आणि Q=1 च्या ओळीला J=X K=0. J च्या मॅपला काही धक्का लागत नाही, J = S च राहतं, पण K च्या मॅपमध्ये S=1, RQ=11 च्या घरात आता 0 आलाय, तर आधीचा चौकोन मोडतो आणि फक्त वरच्या ओळीतली दोन घरं उरतात, K = S'R. एक नॉट, एक अँड. रिसेट जिंकायला हवा असेल तर हेच आरशासारखं उलटून J = SR', K = R, स्वतः काढून बघा.

आता टेबलावरची तयारी. आयसी बहुतेक ठिकाणी 7476 किंवा 74LS76 मिळते आणि इन्व्हर्टरला 7404, घरी करून बघायचं असेल तर जेल रोडच्या बाजूला विचारत फिरा. 7476 ची खोड म्हणजे सप्लाय कोपऱ्यात नाही, 5 नंबर पिनला प्लस 5 व्होल्ट आणि 13 ला ग्राउंड, बाकी सगळ्या आयसींच्या सवयीने 16 आणि 8 ला वायर लावली तर सर्किट चालणार नाही. पहिल्या फ्लिप-फ्लॉपची क्लॉक 1 ला, प्रीसेट 2, क्लिअर 3, J 4 ला, K 16 ला, Q 15 आणि Q' 14. 7404 ला मात्र नेहमीसारखं 14 आणि 7. प्रीसेट आणि क्लिअर अ‍ॅक्टिव्ह लो आहेत, ते दोन्ही न विसरता प्लसला बांधा. मोकळे सोडले तरी टीटीएलमध्ये ते साधारण 1 च वाचले जातात म्हणून सर्किट चालल्यासारखं वाटतं, आणि मग कुणी वायरीजवळ हात नेला की Q आपोआप बदलतो आणि आपण के-मॅप तपासत बसतो.

मोकळी पिन 1 वाचली जाते, याच गोष्टीमुळे डीच्या सर्किटमध्ये एक फसवी चूक लपते. समजा इन्व्हर्टरपासून K ला जाणारी वायर सैल आहे, म्हणजे K कायम 1. D=0 देऊन क्लॉक दिला, J=0 K=1, Q=0 आला, बरोबर. D=1 देऊन क्लॉक दिला, J=1 K=1, Q टॉगल होऊन 1 झाला, हेही बरोबर! ट्रुथ टेबल भरली, दोन्ही ओळी जुळल्या, आणि सर्किट चुकीचं. म्हणून प्रत्येक D ला निदान दोन क्लॉक द्या. दुसऱ्या क्लॉकला D=1 असताना Q पुन्हा 0 झाला तर K ची वायर बघा, D=0 असताना Q उठून 1 झाला तर J ची.

क्लॉक बटणाने देणार असाल तर बटण बाउन्स करतं, एकदा दाबलं तरी आयसीला चार-पाच पल्स जाऊ शकतात. डीला आणि एसआरच्या चालणाऱ्या तिन्ही जोड्यांना याने फरक पडत नाही कारण तोच Q पुन्हा पुन्हा लोड होतो, म्हणून सगळं छान चाललंय असं वाटतं. पण सरांना S=R=1 चं टॉगल दाखवायला गेलात की Q कधी बदलतो कधी नाही, कारण पल्स सम आल्या की विषम ते कुणाच्या हातात नसतं. ट्रेनर किटवर पल्सर असेल तर तोच वापरा, नाहीतर किटचा एक हर्ट्झचा क्लॉक लावा.

आणि आयसीवर नुसतं 7476 लिहिलंय की 74LS76 ते वाचून ठेवा. LS वाली पडत्या एजला इनपुट बघते. साधी 7476 मास्टर-स्लेव्ह आहे, क्लॉक वर असताना तिचा मास्टर उघडा असतो, तर Q=0 आणि क्लॉक 1 असताना D चा स्विच चुकून वर करून पुन्हा खाली आणला तरी मास्टर तो 1 पकडून ठेवतो (K कडून येणारा 0 चा हुकूम त्याच्यापर्यंत पोचतच नाही, कारण तो गेट Q=0 मुळे बंद आहे) आणि क्लॉक खाली आला की D=0 असून Q=1 दिसतो. तेव्हा साध्या 7476 ला D किंवा S, R बदलायचे ते क्लॉक खाली असतानाच, मग पल्स द्यायची. तसं करूनही Q चुकीचा आला तर मात्र वायरिंग.

एसआर दाखवताना क्रम असा ठेवा: आधी 10 देऊन सेट, मग 00 ला दोन क्लॉक, Q एकवरच राहिला पाहिजे, मग 01 देऊन रिसेट, परत 00 ला दोन क्लॉक, आता शून्यावर राहिला पाहिजे. होल्ड दोन्ही बाजूंनी दाखवल्याशिवाय आठ ओळींची टेबल भरत नाही. 11 सगळ्यात शेवटी, सरांनी विचारलं की मगच, आणि फाइलमध्ये त्या दोन ओळींसमोर X लिहून बाजूला "या सर्किटमध्ये टॉगल" असं पेन्सिलीने लिहून ठेवा.