एका रेझिस्टरची किंमत बदलल्यावर शाखेतील प्रवाहाचा फरक काढण्यापूर्वीची तयारी

ऐरोली आणि ठाणे परिसरातील डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना कॉम्पेन्सेशन थिअरमचे प्रात्यक्षिक देताना जी तयारी लागते, ती येथे क्रमाने मांडली आहे. यातील एक बाब मागील सत्रात माझ्याच उत्तरपत्रकात राहून गेली होती, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा येईल.

सर्वप्रथम मूळ जाळे एकदा पूर्णपणे सोडवलेले असावे. ही पद्धत दुसऱ्यांदा सोडवण्याचे कष्ट वाचवते, पहिल्यांदाचे नाही. जो रेझिस्टर बदलणार आहे त्यातून आधी किती प्रवाह वाहत होता आणि कोणत्या दिशेने, हे माहीत नसेल तर पुढे जाता येत नाही. आपण पुढील उदाहरण घेऊ: १० व्होल्टचा स्रोत २ किलोओहममधून आणि ५ व्होल्टचा स्रोत दुसऱ्या २ किलोओहममधून एकाच बिंदूला जोडलेला आहे, आणि त्या बिंदूपासून जमिनीकडे १.५ किलोओहमचा रेझिस्टर आहे. त्या रेझिस्टरच्या बाजूने पाहिले तर उरलेले जाळे ७.५ व्होल्टचा स्रोत आणि त्याच्याशी एकसरीत १ किलोओहम असे दिसते. म्हणून त्यातून ३ मिलिअँपिअर वाहतात आणि बिंदूवर ४.५ व्होल्ट असतात. पहिला स्रोत २.७५ मिलिअँपिअर देतो आणि दुसरा ०.२५. हे आकडे कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवावेत.

आता १.५ किलोओहमच्या जागी २ किलोओहम येणार आहेत, म्हणजे वाढ ५०० ओहमची आहे. या वाढीला मूळच्या ३ मिलिअँपिअरने गुणले की १.५ व्होल्ट मिळतात. एवढ्या व्होल्टेजचा काल्पनिक स्रोत त्याच शाखेत, मूळ प्रवाहाला विरोध करणाऱ्या दिशेने ठेवावा. रोध कमी होणार असेल तर गुणाकार ऋण येतो आणि स्रोताची दिशा आपोआप उलटते. त्यासाठी वेगळा नियम पाठ करण्याची गरज नाही. जाळ्यातील सर्व स्वतंत्र स्रोत बंद करावेत: व्होल्टेजचे शॉर्ट, करंटचे ओपन. अवलंबित स्रोत मात्र जसेच्या तसे ठेवावेत. काल्पनिक स्रोतासह उरलेले हे जाळे म्हणजे फरकाचे सर्किट.

यानंतरची पायरी हीच ती राहून जाणारी बाब होय: फरकाच्या सर्किटमध्ये बदललेल्या शाखेत नवा रेझिस्टर ठेवावा, जुना नव्हे. आपल्या उदाहरणात तेथे २ किलोओहम हवेत. जुनी आकृती उतरवून घेताना हात सवयीने १.५ लिहितो, आणि पुढचे सारे गणित बिनचूक करूनही उत्तर चुकते.

नवीच किंमत का, याचे कारण एका ओळीत मावते. बदलानंतर त्या शाखेवरील व्होल्टेज म्हणजे नवा रोध गुणिले नवा प्रवाह, आणि नवा प्रवाह म्हणजे जुना प्रवाह अधिक फरक:

`(R + ΔR)(I + ΔI) = R·I + ΔR·I + (R + ΔR)·ΔI`

उजवीकडचे पहिले पद मूळ सर्किटचे आहे, ते वजा होऊन जाते. दुसरे पद हाच आपला १.५ व्होल्टचा स्रोत. तिसऱ्या पदात फरकाचा प्रवाह ज्या रोधातून वाहतो तो `R + ΔR` आहे, म्हणजे नवा रोध. जुन्या किमतीला तेथे जागाच नाही.

आता फरक काढू. दोन्ही मूळ स्रोत शॉर्ट केल्यावर दोन २ किलोओहम समांतर होऊन १ किलोओहम उरतो, आणि त्यात नवे २ किलोओहम मिळवले की एकूण ३ होतात. १.५ भागिले ३, म्हणजे त्या शाखेतील प्रवाह ०.५ मिलिअँपिअरने घटतो आणि २.५ होतो. हीच घट दोन स्रोतांच्या शाखांत समान वाटली जाते, कारण दोन्हींचा रोध सारखा आहे. पहिली शाखा २.७५ वरून २.५ वर येते आणि दुसरी ०.२५ वरून थेट शून्यावर. पडताळा सोपा आहे: बिंदूवर आता ५ व्होल्ट आहेत आणि दुसरा स्रोतही ५ व्होल्टचाच आहे, तेव्हा तेथे प्रवाह नसणारच.

जुनी किंमत ठेवली असती तर १.५ भागिले २.५, म्हणजे ०.६ मिलिअँपिअर आले असते. हा आकडा पाहून कोणालाही शंका येत नाही, हाच खरा धोका आहे. चूक ओळखण्याची एक खात्रीची खूण आहे. रोध ५०० ओहमने वाढवून आणि तेवढ्यानेच कमी करून, असे दोन्ही फरक काढून पाहावेत. योग्य रीतीने वाढीला ०.५ ची घट येते, पण १.५ चे १ किलोओहम केले तर ०.७५ ची वाढ येते. जुनी किंमत ठेवणाऱ्याला दोन्ही वेळा ०.६ मिळतात. दोन्ही उत्तरे सारखी आली की पुढे न जाता आकृतीतील रेझिस्टरवर लिहिलेला आकडा पुन्हा वाचावा.

बदल अगदी लहान असेल तर ही चूक दिसतच नाही, आणि वाईट सवय तेथेच लागते. १.५ किलोओहममध्ये एक टक्का वाढ, म्हणजे १५ ओहम घेतले, तर योग्य उत्तर १७.९ मायक्रोअँपिअर येते आणि चुकीचे १८. मल्टिमीटर हा भेद दाखवणार नाही. म्हणून सरावासाठी बदल मोठा घ्यावा. नवी किंमत. जुनी नव्हे.

प्रत्यक्ष जोडणीबाबत एकच सूचना महत्त्वाची आहे. रेझिस्टर २ किलोओहमच्या वर नेला तर बिंदूवरील व्होल्टेज ५ च्या वर जाते आणि ५ व्होल्टच्या पुरवठ्यात प्रवाह उलटा शिरू पाहतो. प्रयोगशाळेतील बरेच पुरवठे प्रवाह देतात, घेत नाहीत. अशा वेळी त्याचे व्होल्टेज वर सरकते आणि दोष थिअरमला दिला जातो. त्या पुरवठ्याच्या टोकांवर १ किलोओहम आडवा जोडून ठेवावा. तो सतत ५ मिलिअँपिअर ओढतो, आणि शाखा पूर्ण उघडली तरी उलटा येणारा प्रवाह १.२५ पेक्षा जास्त नसतो.

मोजणी शाखेत अँमीटर घालून करू नये, कारण त्याचा स्वतःचा रोधही एक बदलच असतो; तो १०० ओहमचा असेल तर मूळचे ३ मिलिअँपिअर २.८८ दिसतील. रेझिस्टरवरील व्होल्टेज मोजून भागाकार करावा, आणि भागतानाही नव्या वाचनाला नवीच किंमत वापरावी.

डायोड किंवा दिव्याची तार जाळ्यात असेल तर ही पद्धत लागू होत नाही. एसीमध्ये रोधाऐवजी इम्पीडन्स घ्यावा, बाकी क्रम तोच. दोन रेझिस्टर एकाच वेळी बदलत असतील तर दोन स्वतंत्र फरकांची बेरीज करू नये. पहिला बदल पूर्ण करून, त्यानंतरच्या प्रवाहावर दुसरा करावा, आणि तेव्हा पहिल्या रेझिस्टरचीही नवीच किंमत आकृतीत असावी.