काय-स्क्वेअर गुडनेस ऑफ फिट: डिग्रीज ऑफ फ्रीडमच्या या चुका टाळा

उत्तरपत्रिका तपासताना सगळ्यात जास्त जीव तुटतो तो अख्खं गणित बरोबर असून शेवटच्या दोन ओळींत गुण गेलेले पाहून. आणि काय-स्क्वेअरच्या प्रश्नात ते बहुतेक वेळा डिग्रीज ऑफ फ्रीडमपाशीच जातात. कारण एकच: ‘k − 1’, म्हणजे गटांच्या संख्येतून एक वजा, एवढंच पाठ करून आलेली मुलं. हे सूत्र खोटं नाही, अपुरं आहे.

एका परीक्षेत हा प्रश्न दिला होता. पुस्तकाच्या 100 पानांवर छपाईच्या चुका मोजल्या. एकही चूक नसलेली पानं 44, एक चूक असलेली 29, दोन चुकांची 14, तीनची 9 आणि चारची 4. पानागणिक चुकांची संख्या पॉइसाँ वितरण पाळते का, हे 5% पातळीवर तपासा.

सरासरी, म्हणजेच पॉइसाँचा λ, येते बरोबर 1. त्यावरून अपेक्षित वारंवारता निघतात 36.8, 36.8, 18.4, 6.1 आणि 1.9. शेवटचा गट ‘4’ नव्हे, ‘4 किंवा जास्त’ घ्यायचा, नाहीतर अपेक्षित वारंवारतांची बेरीज 100 होत नाही. आता 1.9 हा आकडा 5 पेक्षा कमी आहे, म्हणून शेवटचे दोन गट एकत्र करायचे. ‘3 किंवा जास्त’ या गटात निरीक्षित 13, अपेक्षित 8.0. चार गटांची पदं 1.41, 1.65, 1.05 आणि 3.13, म्हणजे काय-स्क्वेअर 7.24.

इथपर्यंत एका हुशार मुलीचा पेपर आरशासारखा स्वच्छ होता. पुढे तिने लिहिलं: गट 5, म्हणून डिग्रीज 4, तक्त्यातली किंमत 9.488, पॉइसाँ वितरण बसतं. गुण कापल्यावर ती विचारायला आली, “सर, तक्त्यात पाचच ओळी आहेत ना?” ओळी पाच होत्या, पण बेरजेत पदं चारच गेली. गट मोजायचे ते एकत्र केल्यानंतरचे.

मग ती म्हणाली, “म्हणजे 3.” तेही नाही. 3 धरले तर तक्त्यातली किंमत 7.815, आणि 7.24 त्याच्या आत बसते, निष्कर्ष तोच चुकीचा राहतो. इथे λ प्रश्नात दिलेला नव्हता, तो याच 100 पानांवरून काढला. ज्या आकड्यांशी तुलना करायची त्यांच्यावरूनच λ ठरवला की अपेक्षित वारंवारता आपोआप निरीक्षितांच्या जवळ सरकतात आणि काय-स्क्वेअर मुळातच लहान येतो. त्याची भरपाई म्हणून आणखी एक वजा करायचा: 4 − 1 − 1 = 2. तक्त्यातली किंमत 5.991, आपली 7.24 तिच्यापेक्षा मोठी, म्हणून पॉइसाँ नाकारायचं.

हेच आकडे देऊन प्रश्न ‘λ = 1 असलेलं पॉइसाँ वितरण बसतं का’ असा असता, तर डिग्रीज 3 च राहिल्या असत्या आणि नाकारता आलं नसतं. म्हणून मी मुलांना गणिताला हात लावण्याआधी समासात लिहायला लावतो: ‘λ दिला’ किंवा ‘λ काढला’. नॉर्मल वितरणात सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही काढावी लागली तर वजा होणार एकूण 3. फासा समतोल आहे का, या प्रश्नात काहीच काढावं लागत नाही, तिथे 6 − 1 = 5.

ही गोष्ट नवख्यांनाच नडते असं नाही. कार्ल पिअरसन यांनी ही चाचणी 1900 मध्ये मांडली तेव्हा आकड्यांवरून काढलेल्या पॅरामीटरसाठी काही वजा करायची गरज त्यांना वाटत नव्हती. ते दुरुस्त केलं रोनाल्ड फिशर यांनी, 1922 मध्ये. अगदी काटेकोर बोलायचं तर λ गटांवरून न काढता मूळ आकड्यांवरून काढला की खरी सीमा 2 आणि 3 डिग्रींच्या किमतींच्या मधे कुठेतरी पडते. परीक्षेत मात्र 2 च लिहा.

बाकीच्या चुका थोडक्यात. निरीक्षणं 100 म्हणून डिग्रीज 99 लिहू नका. इथे n चा संबंध नाही. टक्केवारीवर काय-स्क्वेअर काढू नका, प्रत्यक्ष वारंवारताच लागते. अपेक्षित वारंवारता पूर्णांकात बदलू नका, 36.8 पानं असू शकतात. पाचाचा नियम अपेक्षित वारंवारतेला लागतो; वर निरीक्षित 4 दिसले म्हणून गट जोडायचे नसतात, अपेक्षित 1.9 आले म्हणून जोडायचे. आणि ‘डिग्रीज = 2’ एवढंच लिहून पुढे पळू नका. ‘4 − 1 − 1’ असं फोडून लिहा. आकडा चुकला तरी तपासणाऱ्याला कळतं की एकेक कशासाठी वजा केलाय, आणि त्या पायरीचे गुण देता येतात.