मुदतीआधीच समोरच्यानं हात वर केले तर काय करावं

समजा, निपाणीतला एक दुकानदार संक्रांतीसाठी गूळ भरतोय. 20 नोव्हेंबर 2025 रोजी त्यानं कागलजवळच्या एका गुऱ्हाळवाल्याशी लेखी सौदा केला. 50 क्विंटल गूळ, दर 4,000 रुपये क्विंटल, 5 जानेवारी 2026 ला निपाणीच्या दुकानात पोच. 20,000 रुपये विसारही दिला. 10 डिसेंबरला गुऱ्हाळवाल्याचा फोन आला: "शेट, तुमचा माल काय जमत नाही. दुसरीकडं दर चढा मिळालाय, तिकडंच देणार."

मुदत 5 जानेवारीची आहे, पण करार आजच मोडलाय. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 39 आणि मालविक्री कायदा 1930 चं कलम 60 अशा वेळी दुकानदाराला दोन वाटा देतात. करार रद्द धरून लगेच भरपाई मागायची, नाहीतर करार चालू ठेवून 5 जानेवारीची वाट बघायची. निवड त्याची, पण दोन्हींपैकी एकच.

त्याआधी हा खरोखर नकार आहे का, हे पक्कं करा. "दर फार वाढलाय, परवडंना झालंय" हा नकार नव्हे, कुरकुर आहे. नुसत्या कुरकुरीवर करार रद्द केलात, तर मोडणारे तुम्ही ठराल. म्हणून फोन ठेवल्याबरोबर मेसेज करा: "20 नोव्हेंबरच्या सौद्याचा गूळ देणार नाही, असं तुम्ही आज फोनवर सांगितलं. 5 जानेवारीला माल देणार आहात की नाही, ते 12 डिसेंबरपर्यंत लिहून कळवा." उत्तर "नाही" आलं की प्रश्न मिटला. तो संभाषणाचा फोन मात्र जपून ठेवा, मेसेज पुसू नका. पुढं पुरावा तोच आहे.

आता पहिली वाट. 13 डिसेंबरला दुकानदार कळवतो, "तुमच्या नकारामुळं मी करार रद्द केला." 15 तारखेला तो दुसरीकडून तसाच गूळ 4,300 नं घेतो. क्विंटलमागं 300 जादा गेले, म्हणजे 50 क्विंटलचे 15,000. ही भरपाई आणि विसाराचे 20,000 त्याला मागता येतात. पण रद्द करून तो हातावर हात धरून बसला आणि 5 जानेवारीला दर 4,800 झाला, तर 40,000 मागून सगळे मिळतीलच असं नाही. करार कायद्याच्या कलम 73 च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान टाळायला हाताशी काय साधन होतं, हे कोर्ट बघतं. 4,300 ला माल मिळत होता, मग का घेतला नाही, हा प्रश्न येणारच.

दुसऱ्या वाटेवर तो लिहितो, "मी करार सोडलेला नाही, 5 जानेवारीला माल पाठवा." मग त्या तारखेआधी दुसरीकडून घ्यायचं बंधन त्याच्यावर नाही. माल आला नाही, तर त्या दिवशीच्या निपाणीतल्या बाजारभावाशी तुलना होते; दर 4,800 असेल तर फरक 40,000. दर 3,900 वर उतरला, तर दरातल्या फरकाची भरपाई जवळजवळ शून्य.

या वाटेचा धोका माझ्या मते लोक पुरेसा ओळखत नाहीत. करार जिवंत राहिला म्हणजे तो दोघांसाठीही जिवंत राहिला. गुऱ्हाळवाल्यानं मन बदलून 5 तारखेला गाडी दारात उभी केली, तर माल उतरवून घ्यावाच लागतो. शिवाय सौदा त्याच गुऱ्हाळातल्या गुळाचा असेल आणि मधल्या काळात त्याची चूक नसताना तिथं आग लागून माल जळाला, तर करार कायद्याच्याच कलम 56 चा आधार घेऊन तो सुटू शकतो. 10 डिसेंबरला तुमच्या हातात असलेला हक्क जानेवारीत उरत नाही.

सगळ्यात महागात पडते ती मधली चूक: गुपचूप दुसरीकडून माल भरायचा आणि गुऱ्हाळवाल्याला काहीच कळवायचं नाही. त्यानं 5 तारखेला गूळ आणला आणि तुम्ही "नको" म्हणालात, तर करार तुम्ही मोडला असं तो म्हणू शकतो. म्हणून आधी पत्र, मग खरेदी. संक्रांत तोंडावर असताना मी तरी पहिलीच वाट धरेन, कारण सण झाल्यावर आलेला गूळ ठेवायचा कुठं?

पत्रात सौद्याची तारीख, माल, दर, नकाराचा दिवस आणि "करार रद्द केला आहे" हे शब्द स्पष्ट असू द्यात. मराठीत लिहिलं तरी चालतं. कर्नाटकातल्या कोर्टात गेल्यास भाषांतर जोडावं लागेल. मेसेजसोबत ते स्पीड पोस्टानंही पाठवा आणि पोच मिळाल्याचा कागद ठेवा. नव्या खरेदीचं बिल आणि त्या दिवशीच्या बाजारभावाची नोंदही लागेल.

गुऱ्हाळ महाराष्ट्रात आहे म्हणून कोल्हापूरलाच जावं लागेल, असं नाही. माल निपाणीत पोचवायचा होता, म्हणून दावा इकडंही लावता येतो. मुदत तीन वर्षांची आहे. सुरक्षित राहायचं तर ती 10 डिसेंबरपासूनच मोजा.