फोनची वेळ दीड तास मागे: अलार्म आणि मेसेज दोन्ही चुकत होते, असं सुटलं

दुबईहून आल्यावर सहाचा अलार्म साडेसातला वाजला. मी हातानेच घड्याळ दीड तास पुढे केलं. अलार्म सुधारला, पण नऊला आलेल्या मेसेजवर साडेसात! रीस्टार्ट करूनही तेच, डोकं पिकलं.

कारण टाइम झोन दुबईचाच, GMT+04:00, राहिला होता. मेसेजची वेळ झोनवरून ठरते, हाताने फिरवलेल्या काट्यांवरून नाही.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, सिस्टम, तारीख आणि वेळ इथे गेलो. आधी ऑटोमॅटिक झोन बंद करून प्रदेश भारत निवडला, GMT+05:30 दिसलं. मग ऑटोमॅटिक वेळ चालू केली. शेवटी ऑटोमॅटिक झोनही चालू केला. तो पुन्हा दुबईवर उडी मारत असेल, तर बंदच ठेवा. जुने मेसेजही लगेच योग्य वेळ दाखवू लागले.