चॅटमधल्या ‘काल’ला तारीख द्या

म्हापशातल्या दुकानातून आम्ही फ्रीज घेतला आणि आठवड्यात तो थंड करेनासा झाला. दुकानदाराशी सगळं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर. मी रोज स्क्रीनशॉट काढत गेले, पण त्यांवर तारखेऐवजी ‘आज’ किंवा ‘काल’ एवढंच होतं. तक्रारीत असा ‘काल’ काय सिद्ध करणार?

म्हणून त्या चॅटच्या मेन्यूतून `Export chat` करा. त्या फाईलमध्ये प्रत्येक मेसेजपुढे तारीख आणि वेळ येते. आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर हे लगेच करा. फाईल स्वतःला ईमेल करा आणि मूळ चॅट फोनमधून काढू नका.

मग वहीत तारीखवार नोंद करा: तारीख, कोण बोललं, काय बोललं, पुरावा क्रमांक. माझी एक ओळ अशी: ‘१२ जून, सायं. ६.१०, दुकानदार: उद्या मेकॅनिक पाठवतो, पुरावा ४.’ तिच्याखालीच ‘१३ जून, कोणी आलं नाही’. ‘फसवलं’ वगैरे शब्द इथे नकोत. त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा.

फोनवर बोलणं झालं की ते निसटतं. फोन ठेवल्याबरोबर मेसेज टाका: ‘आत्ता तुम्ही बदलून देतो म्हणालात, बरोबर ना?’ उत्तर नाही आलं तरी तुमचा मेसेज तारखेसह राहतो.

ग्राहक आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून साधारण २ वर्षं असते. दोष पहिल्यांदा दिसला तो दिवस म्हणूनच ठळक लिहा.