कॅप बदलली, गाडी तरीही उकळली

गॅरेजमध्ये नवीन लागलेल्यांनो, माझी चूक आधी ऐका. एक जुनी पेट्रोल गाडी कात्रजचा घाट चढताना गरम होते म्हणून आली. काटा लाल पट्ट्यात, कुलंटची बाटली उतू चाललेली. मी छातीठोकपणे सांगितलं, रेडिएटरची कॅप गेली, दाब धरत नाही. ०.९ बारची कॅप काढली आणि "जास्त दाब धरेल" म्हणून १.३ ची लावली. दुसऱ्या दिवशी रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा सांधा फुटला. वस्तादांनी तो खर्च माझ्या पगारातून कापला. बरोबरच केलं, असं आज म्हणतो. तेव्हा रडलो होतो.

कॅपचा दोष नव्हता. पुण्याच्या उंचीवर उघडं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. कॅपने ०.९ बार दाब धरला की तेच ११८ च्या आसपास उकळतं. दाब त्यावर गेला की कॅपची स्प्रिंग उचलते आणि कुलंट बाटलीत जातं. म्हणजे कॅप आपलं काम चोख करत होती. आत इतकी उष्णता साठलीच का, हे मी विचारलं नाही.

थर्मोस्टॅटमध्ये मेण असतं. त्या गाडीच्या थर्मोस्टॅटवर ८२ कोरलं होतं, म्हणजे तिथे मेण वितळून फुगायला लागतं, झडप उघडते आणि कुलंट रेडिएटरकडे जातं. तोवर पंप ते बायपासमधून इंजिनातच फिरवतो, म्हणून इंजिन लवकर तापतं. झडप बंदच अडकली तर हा छोटा फेरा कधीच संपत नाही. हेडमधलं कुलंट उकळतं आणि रेडिएटर गारच राहतो.

मी इथेच फसलो. काटा लाल, तरी फॅन फिरेना, म्हणून मी फॅनची वायरिंगसुद्धा उसवली. पण फॅनचा स्विच रेडिएटरच्या खालच्या टाकीत होता. तिथे गरम कुलंट पोचतच नव्हतं, तर स्विच लागणार कसा?

म्हणून काटा चढला की वरचा होज आणि रेडिएटर हाताने चाचपा, फॅनच्या पात्यांपासून हात लांब ठेवून. इंजिन तापलेलं आणि हे दोन्ही गार, तर संशय थर्मोस्टॅटवर. पंपाचं पातं झिजलं किंवा हवा अडकली तरी असंच दिसू शकतं, तेव्हा थेट नवा विकत आणू नका. गाडी पूर्ण थंड होऊ द्या. गरम कॅप उघडणाऱ्याला मी मित्र मानत नाही, चेहरा भाजतो. मग थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर, आणि पाणी तापवत न्या. आमचा ९५ ला तसूभरही हलला नाही.

"काढूनच टाक, कटकट नको" म्हणणारे भेटतील. ऐकू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपास बंद करतो. तो नसेल तर बरंचसं कुलंट बायपासनेच पळतं आणि घाटात गाडी पुन्हा तापते.

घाबरू नका, काम तासाभराचं आहे. थर्मोस्टॅटची छोटी डुलणारी पिन वर ठेवून, नवी गॅस्केट घालून आम्ही नवा थर्मोस्टॅट बसवला, हवा काढली, मूळ ०.९ चीच कॅप लावली. कात्रजला काटा अर्ध्यावर राहिला आणि बोगद्याच्या अलीकडे फॅन पहिल्यांदा फिरला.