टाइमआउट आला म्हणजे पेमेंट फेल झालं, असं कोण म्हणालं?

पेमेंट टेस्टिंगमध्ये नवे असाल तर यशस्वी आणि अयशस्वी व्यवहार तुम्ही लगेच तपासाल. ते कुणालाही जमतं. खरा त्रास मधल्या PENDING चा. नागपुरात आमच्या टीमकडे संत्रा बागायतदारांना पैसे पाठवणाऱ्या एका ॲपचं काम होतं. त्यातलाच मामला सांगतो, रकमा मात्र बदलल्या आहेत.

कळमना बाजारात माल विकलेल्या दोन शेतकऱ्यांना प्रत्येकी ₹18,400 एनईएफटीने द्यायचे आहेत. पहिल्याचं पेमेंट संध्याकाळी 6.10 ला बँकेकडे गेलं आणि तीस सेकंदांत उत्तर आलं नाही. आमच्या कोडने ते FAILED केलं, नवा रेफरन्स क्रमांक काढून पुन्हा पाठवलं आणि या वेळी SUCCESS मिळालं. डेव्हलपर खूश, कारण रिट्राय चालला!

इथेच गोची आहे. टाइमआउटमधून एवढंच कळतं की उत्तर आपल्यापर्यंत पोचलं नाही. विनंती बँकेपर्यंत पोचली की नाही, हे त्यातून कळत नाही. पहिली विनंती बँकेच्या रांगेत होतीच, आणि एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये सेटल होतं. म्हणजे 6.30 च्या बॅचमध्ये दोन्ही विनंत्या निघाल्या आणि शेतकऱ्याला दुप्पट पैसे गेले. बँकेच्या लेखी त्या दोन वेगळ्या मागण्या होत्या, कारण रेफरन्स वेगळे होते. म्हणून टाइमआउटनंतर व्यवहार PENDING च राहायला हवा, आणि आधी त्याच रेफरन्सने स्थिती विचारायला हवी. ‘असा व्यवहार सापडत नाही’ असं उत्तर लगेच आलं तरी त्यावर भरवसा ठेवू नका. विनंती अजून रांगेत असू शकते. थोड्या वेळाने पुन्हा विचारा. पुन्हा पाठवायचंच झालं तर जुन्याच रेफरन्सने पाठवा. मग दुसरी विनंती डुप्लिकेट म्हणून अडवली जाते का, ही तुमची पहिली टेस्ट.

आता दुसरा शेतकरी. त्याचं पेमेंट SUCCESS झालं, पण खातं बंद होतं. समोरच्या बँकेने बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत पैसे जमा करायचे किंवा परत करायचे, असा नियम आहे. त्यामुळे 6.30 च्याच बॅचमधले हे पैसे साधारण सव्वाआठला परत आले. आमच्या कोडच्या मते SUCCESS ही शेवटची पायरी होती, म्हणून परतीचा संदेश त्याने गुपचूप टाकून दिला. खरा प्रवास असाही असतो:

```
PENDING → SUCCESS → REVERSED
```

रात्री रिकन्सिलिएशन चाललं. आमच्या वहीत दोन यशस्वी पेमेंट, एकूण ₹36,800. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ₹18,400 नावे पडल्याच्या तीन नोंदी, म्हणजे ₹55,200, आणि ₹18,400 ची एक जमा नोंद. निव्वळ ₹36,800. बेरीज पैशापर्यंत जुळली! एकाला दुप्पट मिळाले, दुसऱ्याला छदामही नाही, आणि रिपोर्ट हिरवागार.

म्हणून बेरजेवर विसंबू नका. प्रत्येक ओळ बँकेच्या यूटीआर क्रमांकाने आणि आपल्या रेफरन्सने जुळवा, परतीची ओळ मूळ व्यवहाराला बांधा, आणि जी ओळ कुणाशीच जुळत नाही ती वेगळी दिसू द्या. रक्कम आणि तारीख पाहून जुळवणं हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. सारख्या रकमा रोज असतात. रात्री 11.50 ला निघालेला व्यवहार तर दुसऱ्या तारखेला परत येईल. आज न जुळलेली ओळ उद्याच्या यादीत पुढे जाते का, हेही तपासा.

‘सँडबॉक्समध्ये पास झालं ना, पुढे चला’ म्हणणारे सीनियर भेटतील. आदर ठेवा, पण ऐकू नका. आम्हाला मिळालेलं सँडबॉक्स लगेच उत्तर द्यायचं आणि पैसे परत पाठवायचं नाही. त्यापेक्षा बँकेचं सोंग घेणारी छोटी सर्व्हिस स्वतः लिहा. घाबरू नका, त्यात फार काही नसतं: ती विनंती ठेवून घेते, उत्तर देत नाही, आणि तुम्ही सांगाल तेव्हा निकाल पाठवते. टेस्टमध्ये दोन तास थांबायचं नाही. कोडला मिळणारं घड्याळच पुढे सरकवता आलं पाहिजे. मग SUCCESS चा संदेश दोनदा पाठवून पाहा, आणि REVERSED नंतर उशिरा पोचलेला जुना SUCCESS पाठवून पाहा. या दुसऱ्या टेस्टमध्ये स्थिती परत SUCCESS झाली, तर ज्या शेतकऱ्याचे पैसे परत आलेत त्याला ॲप ‘पैसे जमा’ असं दाखवेल.